बाक शाळेत पोहोचले, बिल कुठे अडतं?

पंचायत समितीच्या लेखा शाखेत बसून बिल तपासणारा माणूस थेरल्याच्या शाळेत उतरलेला बाक पाहायला जात नाही. त्याच्या टेबलावर दिवसभरात रस्त्याचं, औषधांचं, छपाईचं, संगणक दुरुस्तीचं अशी पाचपंचवीस बिलं येतात. त्यातली एकही वस्तू त्याने हाताळलेली नसते. तरीही सार्वजनिक पैसा देण्याजोगा आहे की नाही, हे त्याला ठरवायचं असतं. मग तो कागदाला तीन गोष्टी विचारतो. वस्तू आली का? ती मागितली होती तशीच आहे का? आणि सांगितलेलं काम पुरतं झालं का? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर वेगळ्या माणसाने, वेगळ्या तारखेला आणि सहीनिशी दिलेलं असावं लागतं. पुरवठादार बहुतेक वेळा या तिन्ही उत्तरांची एकाच शिक्क्यात गल्लत करतो, आणि बिल तिथे अडतं.

ही तीन उत्तरं कशी उभी राहतात ते एका उदाहरणावरून पाहू. आकडे आणि तारखा समजण्यासाठी घेतल्या आहेत, पद्धत मात्र खरी आहे. बालाघाटाच्या डोंगरात, मांजरा नदीच्या उगमाचा हा पाटोदा तालुका. समजा, इथल्या जिल्हा परिषद शाळांसाठी पंचायत समितीने 15 जानेवारीला शंभर लोखंडी बाकांचा पुरवठा आदेश दिला. दर बाकाला 3,500 रुपये, कर वेगळा, मुदत 30 दिवस, म्हणजे 14 फेब्रुवारीपर्यंत. डोंगरकिन्हीला तीस, अमळनेरला पंचवीस, थेरल्याला वीस, कुसळंबला पंधरा आणि सौताड्याला दहा बाक द्यायचे. बाक सुट्या भागांत येणार, शाळेत जोडून द्यायचे आणि प्रत्येकावर योजनेचं नाव व अनुक्रमांक रंगवायचा. ऑर्डर देणारं कार्यालय एक, माल उतरण्याच्या जागा मात्र पाच. बिलाची सगळी गुंतागुंत या फरकातून येते.

आदेश हातात पडला की त्यातल्या तीन जागा पेन्सिलीने खुणावून ठेवाव्यात. माल कोणी स्वीकारायचा, तपासणी कोणी करायची आणि मुदत केव्हापासून मोजायची. कित्येक आदेशांत ‘शाळेत पोहोच करावे’ एवढंच लिहिलेलं असतं. पोहोचवर सही मुख्याध्यापकांची चालेल की केंद्रप्रमुखांची लागेल, याचा त्यात उल्लेखच नसतो. अशा वेळी माल पाठवण्याआधी एक साधं पत्र देऊन विचारून घ्यावं आणि त्या पत्रावर बारनिशीचा शिक्का घ्यावा. उत्तर लेखी आलं तर उत्तम. नाही आलं तरी आपण विचारलं होतं याची तारीख राहते.

आता पोहोच. शंभर बाकांचं एकच चलान करून त्यावर पाच मुख्याध्यापकांच्या सह्या घेणं सोपं वाटतं, पण तसं करू नये. शाळागणिक वेगळं चलान करावं आणि त्याच्या तीन प्रती काढाव्यात. एक शाळेला, एक कार्यालयाच्या फाईलसाठी आणि एक स्वतःला. चलानवर आदेशाचा क्रमांक व तारीख, गाडीचा नंबर, शाळेचं पूर्ण नाव आणि तिचा अकरा अंकी यूडायस क्रमांक असावा. एकाच गावाच्या हद्दीत गावठाणातली शाळा वेगळी आणि वस्तीवरची वेगळी असते. नुसतं ‘जि. प. शाळा, अमळनेर’ लिहिलं तर वाचणाऱ्याला दोन्हींपैकी कोणती ते कळत नाही. बाकांची संख्या अंकी आणि अक्षरी, दोन्ही लिहावी. खाली घेणाऱ्याचं नाव, हुद्दा, तारीख, सही, सहीखाली पदनामाचा शिक्का आणि बाजूला शाळेचा गोल शिक्का.

यातला एकेक तपशील कधी ना कधी कुणाच्या तरी बिलाला नडलेला असतो. सही आहे पण नाव नाही, म्हणून सही कोणाची ते सांगता येत नाही. सही शिपायाची आहे आणि शिक्का शाळेचा. तारीख रविवारची पडली आहे, मग शाळा बंद असताना माल कोणी घेतला हा प्रश्न येतो. सुटीच्या दिवशी खरोखरच माल उतरला असेल तर मुख्याध्यापकांनी तसं एका ओळीत लिहावं, म्हणजे शंका मिटते. गाडीच्या नंबराचंही तसंच आहे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त किमतीचा माल नेताना ई-वे बिल लागतं. त्यावरचा गाडीचा नंबर आणि चलानावरचा नंबर जुळला पाहिजे. वाटेत गाडी बदलली तर ई-वे बिलात तशी नोंद करावी आणि चलानावरही नवा नंबर घालावा.

माल उतरवताना इथली एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. फेब्रुवारीत पाटोद्याची बरीच कुटुंबं ऊसतोडीला गेलेली असतात. गावात माणसं कमी असतात आणि शाळेत हाताशी कोणी नसतं. गाडीसोबत आपले हमाल आणि जोडणी करणारा कारागीर न्यावा. नाहीतर माल ओसरीवर टाकून गाडी पुढे निघते. ‘मोजून घेतला’ असं लिहायला मग कोणी धजत नाही, आणि ते बरोबरच असतं.

उदाहरणात 11 फेब्रुवारीला डोंगरकिन्ही आणि अमळनेर झालं, 12 तारखेला उरलेली तीन गावं. कुसळंबला पंधरापैकी एका बाकाचा पाय जोडावर सुटलेला निघाला. मुख्याध्यापकांना घाई होती.

“सगळं एकदम लिहितो, पंधरा मिळाले म्हणून. तो एक तुम्ही नंतर बदलून द्या.”

“गुरुजी, तसं नको. चौदा चांगले आणि एक सदोष, असंच लिहा. माझंच काम त्यानं सोपं होईल.”

पुरवठादाराला हे बोलणं जड जातं. आपल्याच मालातली खोट आपल्याच चलानावर का लिहून घ्यायची? पण हिशेब करून पाहिला की कारण कळतं. सदोष बाक बदलून दिला 5 मार्चला, म्हणजे मुदतीनंतर एकोणीस दिवसांनी. आदेशात दर आठवड्याला अर्धा टक्का विलंब दंड असेल आणि अपुरा आठवडाही पूर्ण धरायचा असेल, तर तीन आठवड्यांचा दीड टक्का होतो. चलानावर एकच बाक सदोष लिहिलेला असल्यामुळे दंड एकाच बाकावर, 3,500 रुपयांवर बसतो, साडेबावन्न रुपये. तेच कुसळंबच्या गुरुजींनी ‘माल अपूर्ण’ असा मोघम शेरा मारला असता किंवा सगळ्या गावांचं चलान एकच असतं, तर पुरवठा पूर्ण झाल्याची तारीख 5 मार्च धरली गेली असती. मग दीड टक्का शंभर बाकांवर, म्हणजे 5,250 रुपये. बाक तेच, उशीरही तेवढाच. फरक फक्त चलानावरच्या ओळीचा. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की खोट लपवणारी पोहोच पुरवठादारालाच महाग पडते.

पोहोच मिळाली म्हणजे माल पसंत पडला असं होत नाही. दुसरा प्रश्न इथे येतो. मुख्याध्यापक बाक मोजू शकतात, पण पाइप अठरा गेजचा आहे की वीसचा हे पाहणं त्यांचं काम नसतं. आदेशात अठरा गेज म्हटलं असेल तर पत्र्याची जाडी साधारण 1.2 मिलिमीटर भरायला हवी. वीस गेजचा पाइप एक मिलिमीटरच्याही खाली जातो. रंग लावल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. तपासणी समितीने कॅलिपर लावून मोजलं पाहिजे, फळीची जाडी पाहिली पाहिजे आणि मंजूर नमुना ठेवलेला असेल तर त्याच्याशी ताडून पाहिलं पाहिजे. तपासणी अहवालात डावीकडे आदेशातलं माप, उजवीकडे प्रत्यक्ष माप आणि पुढे शेरा असे रकाने असले की तो अहवाल कोणीही वाचू शकतो. ‘साहित्य उत्तम प्रतीचे आढळले’ एवढ्याच ओळीचा अहवाल कमकुवत. त्यात काय तपासलं हेच नसतं आणि पुढे लेखापरीक्षणात त्यावर पहिलं बोट पडतं. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या हिशेबाचं लेखापरीक्षण स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग करतो, आणि तो काही वर्षांनीही फाईल उघडतो.

तपासणीनंतर साठ्याची नोंद. बाक ही टिकाऊ वस्तू, म्हणून ती जडवस्तू संग्रह नोंदवहीत जाते. शाळेत तिला सगळे डेड स्टॉक रजिस्टरच म्हणतात. खडू, कागद, फिनेल यांसारख्या वापरून संपणाऱ्या वस्तू साठा नोंदवहीत. नोंदीचं पान आणि अनुक्रमांक बिलाच्या पाठीवर आला नाही तर बिल हमखास परत येतं. केंद्र सरकारच्या 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतही माल घेणाऱ्या अधिकाऱ्यावर हीच जबाबदारी टाकली आहे. माल मोजावा, पाहावा, नोंदवहीत चढवावा, आणि तो प्रत्यक्ष मिळाला व नोंदवला असं स्वतः प्रमाणित करावं. बिलाच्या पाठीवर सहसा अशा अर्थाचा मजकूर येतो:

‘प्रमाणित करण्यात येते की, या देयकात नमूद केलेले साहित्य पुरवठा आदेशातील तपशील व दरानुसार सुस्थितीत प्राप्त झाले असून त्याची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवही पान क्रमांक …, अनुक्रमांक … वर घेण्यात आली आहे. या साहित्यापोटी यापूर्वी कोणतेही देयक अदा केलेले नाही.’

या मजकुराखालची सही हीच खरी स्वीकृती. तिच्यात संख्या, दर्जा, दर, नोंद आणि दुबार बिल नसल्याची खात्री, या पाचही गोष्टी एकत्र येतात. पाच शाळा असल्या तर पाच मुख्याध्यापकांची प्रमाणपत्रं वेगवेगळी घ्यावीत आणि त्यांचा एक गोषवारा तक्ता करून गटशिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्यावी. तक्त्यात गाव, यूडायस, संख्या, पोहोचची तारीख, नोंदवहीचं पान एवढे रकाने पुरेत. बेरीज शंभर आली पाहिजे. लेखा शाखेतला माणूस आधी हीच बेरीज करतो. ती बिलाशी जुळली तरच तो पुढचं वाचतो.

नोंद करून घ्यायला दिरंगाई करू नये. मे-जूनमध्ये बदल्या होतात. ज्या गुरुजींनी माल घेतला ते दुसऱ्या तालुक्यात गेले की नवे गुरुजी जुन्या मालावर सही करायला नकार देतात. त्यांचा नकार योग्यच असतो, कारण त्यांनी माल घेतलेला नसतो.

इथे शिक्क्यांचं थोडं सांगायला हवं, कारण सर्वांत मोठा घोळ याच जागी होतो. बिल घेऊन गेलात की बारनिशीत आवक क्रमांक पडतो आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मिळतो. त्या शिक्क्याचा अर्थ ‘हा कागद या तारखेला आला’ एवढाच. माल स्वीकारला असा त्याचा अर्थ होत नाही. गोल शिक्का कागद कोणत्या कार्यालयाचा ते सांगतो आणि पदनामाचा शिक्का सही कोणत्या अधिकाराने केली ते सांगतो. गोल शिक्का आहे पण सही नाही, तर त्या शिक्क्याला काही किंमत नाही. ‘मंजूर’ असा शेरा आहे पण रक्कम अंकी व अक्षरी नाही, तर तो शेराही अपुरा. पुष्कळ पुरवठादार आवक शिक्क्याची प्रत जपून ठेवतात आणि माल स्वीकारल्याचा पुरावा म्हणून तीच दाखवतात. तिने फक्त बिल कधी दिलं तेवढं सिद्ध होतं.

तिसरा प्रश्न काम पुरतं झाल्याचा. बाकांच्या बाबतीत जोडणी आणि रंगवलेले क्रमांक हे काम आहे. ते झाल्याचा दाखला पोहोचपेक्षा वेगळा असावा, कारण माल 11 तारखेला आला आणि जोडणी 12 तारखेला संपली असंही घडतं. दाखल्यात जोडलेल्या बाकांची संख्या आणि त्यांवरचे अनुक्रमांक लिहून घ्यावेत, ‘क्रमांक 1 ते 30’ असे. जिओ-टॅग असलेली छायाचित्रं मागितली असतील तर त्यांत हे आकडे दिसले पाहिजेत. नुसत्या रिकाम्या वर्गातल्या बाकांचा फोटो कोणत्याही गावचा असू शकतो.

वस्तूच्या जागी बांधकाम असेल तर मात्र हा दाखला मुख्याध्यापकांच्या हातचा नसतो. वर्गखोलीची फरशी बदलायची असेल तर शाखा अभियंता जागेवर येऊन लांबी-रुंदी-जाडी मोजमाप पुस्तिकेत लिहितो, उपअभियंता ती तपासतो, आणि काम पूर्णत्वाचा दाखला त्या मोजमापावर उभा राहतो. मुख्याध्यापक फक्त खोली ताब्यात मिळाल्याची पावती देतात. तिथे धोका असतो तो झाकल्या जाणाऱ्या कामाचा. फरशीखालचा मुरूम आणि काँक्रीटचा थर किती, हे फरशी बसल्यावर कोणालाच मोजता येत नाही. म्हणून थर उघडा असतानाच अभियंत्याला बोलावून नोंद करून घ्यावी. ती नोंद राहिली तर त्या थराचे पैसे बहुधा गेलेच, मग काम कितीही प्रामाणिक असो.

आता प्रत्यक्ष बिल. शंभर बाकांचे 3,50,000 रुपये, त्यावर 18 टक्के वस्तू व सेवा कर 63,000 रुपये, त्यात केंद्राचा निम्मा आणि राज्याचा निम्मा, एकूण 4,13,000 रुपये. बिलावर वस्तूचं वर्णन आदेशात आहे त्याच शब्दांत लिहावं. आदेशात ‘दोन विद्यार्थ्यांसाठी लोखंडी बाक’ असेल तर बिलात ‘स्टील फर्निचर’ लिहू नये. तपासणारा शब्दाला शब्द लावून पाहतो. बिलाचा क्रमांक सोळा अक्षरांच्या आत हवा आणि त्या आर्थिक वर्षात तो पुन्हा आलेला नसावा. सोबत पॅन, बँक खात्याचा तपशील आणि रद्द केलेला धनादेश. मागितली असेल तर अग्रिम पावतीही द्यावी. पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचं महसूल तिकीट लागतं. ते लावून, त्यावरून सही गेली पाहिजे.

बिलाच्या तारखेवरून एक खरा तिढा उभा राहतो. करकायद्याप्रमाणे माल कारखान्याच्या दारातून निघतानाच किंवा त्याआधी बिल बनवावं लागतं, म्हणून आपलं बिल 11 फेब्रुवारीचं. तपासणी झाली 20 फेब्रुवारीला. लेखा शाखा विचारते, “तपासणीच्या आधीचं बिल कसं?” घाबरून पुरवठादार तेच बिल 21 तारखेचं करून देतो आणि स्वतःच्या करविवरणात गोंधळ माजवतो, कारण ई-वे बिलावर जुना क्रमांक व तारीख गेलेली असते. मार्ग सोपा आहे. बिलाची तारीख हलवायची नाही. तपासणी झाल्यावरच्या तारखेचं मागणीपत्र त्याला जोडायचं. त्यात लिहायचं की, अमुक क्रमांकाचं 11 फेब्रुवारीचं करबिल, त्यावरील मालाची तपासणी 20 फेब्रुवारीला झाली, आता रक्कम अदा करावी. पैशाची मागणी त्या पत्राच्या तारखेची, बिल मालाच्या तारखेचं. दोन्ही खरं राहतं.

कुसळंबच्या एका बाकाचंही असंच. बिल शंभराचं झालेलं आहे. बदलून देणार असाल तर नव्या बाकासोबत ‘विनामूल्य बदली’ असं चलान पाठवा, त्यावर 5 मार्चची पोहोच घ्या आणि मगच शंभराचं प्रमाणपत्र मागा. बदलून द्यायचा नसेल तर जमापत्र काढून त्या बाकाची रक्कम कमी करा. बिलावर खाडाखोड करून शंभराचे नव्याण्णव करणं हा सर्वांत वाईट उपाय.

पैसे हातात येतात तेव्हा पूर्ण 4,13,000 येत नाहीत. कराराची किंमत कर वगळून अडीच लाखांहून जास्त असेल तर कार्यालय वस्तू व सेवा कराची दोन टक्के वजावट करतं. ती कर वगळलेल्या रकमेवर होते, म्हणजे 7,000 रुपये. गावागणिक पाच बिलं केली तर ही वजावट टळेल असं काही जणांना वाटतं. ती टळत नाही, कारण मर्यादा बिलाच्या रकमेला नाही, कराराच्या किमतीला आहे. दंडाचे साडेबावन्न धरले तर खात्यात 4,05,947 रुपये 50 पैसे यायला हवेत. ते 7,000 गेलेले नसतात. कार्यालयाने पुढच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत आपलं विवरण भरलं की ती रक्कम पुरवठादाराला पोर्टलवर दिसते, आणि त्याने ती स्वीकारली की त्याच्या रोख खातेवहीत जमा होते. स्वीकारायची राहिली तर तिथेच पडून राहते. कापलेली रक्कम दिसत नसेल तर लेखा शाखेला क्रमांकासहित पत्र द्यावं. तोंडी विचारून ती निघत नाही.

उशीर झाला तर? 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी ठोस तरतूद आहे. लेखी करारात मुदत कितीही ठरवली तरी माल स्वीकारल्याच्या दिवसापासून ती 45 दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. करारच नसेल तर पंधरा दिवस. माल दिल्यापासून पंधरा दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल दिला तोच दिवस स्वीकृतीचा मानला जातो. हरकत घेतली असेल तर ती दूर केल्याचा दिवस धरतात. आपल्या उदाहरणात शेवटची पोहोच 12 फेब्रुवारीची, म्हणजे पंचेचाळीस दिवस 29 मार्चला पुरे होतात. कुसळंबच्या बाकाची हरकत दूर झाली 5 मार्चला, तिथून मोजलं तर 19 एप्रिल. हरकत एकाच बाकापुरती लिहिली असल्याने उरलेल्या नव्याण्णवांसाठी जुनी तारीख धरा असा दावा करता येतो. मोघम शेऱ्यानंतर तसा दावा करणं अवघड. मुदत टळली तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज मागता येतं, आणि त्यासाठी सुविधा परिषदेकडे जाता येतं.

पण या तरतुदीला एक मोठी मर्यादा आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. उद्यम नोंदणी 2021 पासून घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांनाही मिळते, मात्र बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरतीच. बाक स्वतःच्या वर्कशॉपमध्ये बनवणाऱ्याला व्याजाची ही तरतूद लागू होते. दुसरीकडून बाक आणून पुरवणाऱ्याला ती सहसा मिळत नाही. बनवणाऱ्यानेही नोंदणी आदेशाच्या आधीच करून ठेवावी, म्हणजे पुढे वाद उरत नाही.

जेमवरून ऑर्डर आली असेल तर हाच क्रम पडद्यावर चालतो. माल मिळाल्यावर खरेदीदाराने 48 तासांत तात्पुरती पोहोच द्यायची, त्याला पीआरसी म्हणतात. तपासून दहा दिवसांत स्वीकृतीचं प्रमाणपत्र, ते सीआरएसी, आणि त्यानंतर दहा दिवसांत पैसे. तिथे शिक्का नाही, पण पोहोच आणि स्वीकृती ही दोन वेगळी पावलं तशीच आहेत. शाळेतल्या कागदी चलानावर सही आहे आणि पडद्यावर पीआरसी निघालेली नाही, असं पुष्कळदा होतं, कारण माल घेणारे गुरुजी आणि जेमवर लॉगिन असलेला लिपिक वेगळे असतात. सहीचं चलान त्याच दिवशी लिपिकापर्यंत पोहोचवणं हे मग पुरवठादारालाच करावं लागतं.

तहसील कार्यालय किंवा ग्रामीण रुग्णालय यांसारखी राज्य शासनाची कार्यालयं पंचायत समितीपेक्षा वेगळ्या वाटेने पैसे देतात. तिथे आहरण व संवितरण अधिकारी कोषागाराच्या नमुन्यात देयक करून ते कोषागाराकडे पाठवतो. म्हणजे तुमचे कागद आणखी एका टेबलावर, आणखी एका अनोळखी माणसापुढे जातात. 31 मार्चपर्यंत खर्च न झालेली तरतूद व्यपगत होते, म्हणून मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात कोषागारात बिलांची दाटी होते. त्या दाटीत त्रुटी निघालेलं बिल पुन्हा वर चढायला वेळ उरत नाही. पुरवठा फेब्रुवारीत असेल तर तपासणीची तारीख पत्र देऊन फेब्रुवारीतच मागून घ्यावी.

बिल सादर करताना कागद याच क्रमाने लावावेत: मागणीपत्र, पाठीवर प्रमाणपत्र असलेलं मूळ बिल, आदेशाची प्रत, गोषवारा तक्ता, त्याच क्रमाने पाच चलानं, तपासणी अहवाल, जोडणीचा दाखला, छायाचित्रं. सगळ्या पानांवर पृष्ठक्रमांक घालावेत आणि मागणीपत्रात पानांची एकूण संख्या लिहावी. पान गहाळ झालं तर ते कोणाच्या टेबलावर गहाळ झालं हे त्या आकड्यावरून कळतं. ‘त्रुटीपूर्ततेसाठी परत’ असा शेरा आला तर सगळ्या त्रुटी एकदम लेखी मागाव्यात आणि उत्तरही त्याच क्रमाने लेखी द्यावं. मूळ बिल हरवलं तर नवं बिल काढू नये. ‘दुय्यम प्रत’ असा ठळक उल्लेख करून जुन्याच क्रमांकाची प्रत हमीपत्रासह द्यावी, नाहीतर एकाच मालाची दोन बिलं नोंदली जातात.

पैसे जमा झाल्यावर स्वतःच्या फाईलमध्ये बँकेच्या नोंदीची प्रत, वजावटीचं प्रमाणपत्र आणि सहीची चलानं एकत्र बांधून ठेवावीत. वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार हिशेबाचे कागद वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावे लागतात, म्हणजे सहा वर्षं. त्या काळात शाळेतल्या डेड स्टॉक रजिस्टरचं पान फाटलेलं निघालं, किंवा लेखापरीक्षकाने बाकांची संख्या विचारली, तर कार्यालयातून पहिला फोन पुरवठादारालाच येतो, आणि कुसळंबच्या दोन्ही पोहोच त्याच्याचकडे मागितल्या जातात.